आचारसंहितेची दोन पानं: नव्या सहकाऱ्यासाठी सारांश कसा लिहावा

रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी सह्या करायला जे कागद पुढे येतात, त्यात कंपनीची आचारसंहिता सगळ्यात जाड असते. पीएफचा फॉर्म, बँकेचा तपशील, ओळखपत्राचे फोटो, आणि मग चाळीस पानांचा इंग्रजी ‘कोड ऑफ कंडक्ट’. त्याच्या शेवटच्या पानावर ‘मी हे वाचलं आणि मला समजलं’ अशी ओळ असते. तिथे सही होते, वाचन मात्र राहून जातं. मग एचआर किंवा कम्प्लायन्समधल्या कुणाला तरी सांगितलं जातं की याचा मराठीत दोन पानी सारांश कर. ज्यांच्या अंगावर हे काम पहिल्यांदाच आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे आणि त्याच्या खरेदी विभागात एक नवी मुलगी लागली आहे. पॅकिंगचं सामान तिच्याकडे येणार: पुठ्ठ्याचे खोके, लाकडी पॅलेट, प्लॅस्टिकच्या पिशव्या. म्हणजे कोटेशन मागवणं, भाव ठरवणं आणि ऑर्डर काढणं ही तिची रोजची कामं. आचारसंहितेतली गोपनीयता, समाजमाध्यमं, पर्यावरण वगैरे प्रकरणं तिला एकेका ओळीत सांगितली तरी चालतील. हितसंबंध, भेटवस्तू आणि कळवण्याची जबाबदारी या तिन्हींना मात्र दोन पानांपैकी दीड पान द्यावं लागतं, कारण खरेदीतला माणूस अडकतो तो इथेच.

आधी कागद गोळा करा

नुसती आचारसंहिता समोर ठेवून सारांश लिहायला बसू नका. त्यात बऱ्याचदा एवढंच असतं: ‘वाजवी किमतीच्या भेटवस्तू चालतील, तपशिलासाठी भेटवस्तू धोरण पाहावे.’ आकडा असतो त्या वेगळ्या धोरणात. हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म तिसरीकडे, आणि तक्रार कुठे करायची हे ‘व्हिजिल मेकॅनिझम’ किंवा ‘व्हिसल ब्लोअर पॉलिसी’ नावाच्या चौथ्या कागदात. हे चारही हाताशी हवेत. ‘आमची कंपनी शेअर बाजारात नाही, आमच्याकडे असलं धोरण नसेल’ असं गृहीत धरू नका. कंपनी कायदा 2013 च्या कलम 177 प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ही यंत्रणा ठेवावीच लागते. शिवाय लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून 50 कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्यांनाही ती सक्तीची आहे. घरच्या माणसांनी चालवलेला पण मोठं कर्ज असलेला कारखानाही त्यात बसतो.

प्रत्येक कागदावरची तारीख आणि आवृत्ती बघा. इंडक्शनच्या फोल्डरमधली पीडीएफ आणि इंट्रानेटवरची पीडीएफ वेगळी असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. एकीत भेटवस्तूची मर्यादा हजार, दुसरीत दोन हजार, असं दिसलं तर मनाने एक निवडू नका. ज्या विभागाचं धोरण आहे त्याला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या आणि मगच आकडा लिहा. सारांशात चुकीचा आकडा गेला तर पुढे कारवाईच्या वेळी तो माणूस तुमचाच कागद दाखवेल, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल.

क्रियापदं जपा

इंग्रजी मसुद्यात ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’ हे तीन वेगळे शब्द असतात: बंधन, अपेक्षा आणि मुभा. मराठी करताना तिन्हींचं ‘करावे’ होतं आणि तिथेच घोटाळा होतो. सरकारी कागदावर ‘अर्ज करावा’ म्हणजे हुकूम असतो, पण घरी आजी ‘रोज सकाळी फिरावं’ म्हणते तेव्हा तो सल्ला असतो. नवी मुलगी तुमचा सारांश आजीच्या कानाने वाचेल. म्हणून आधीच ठरवून टाका: बंधनाला ‘करायलाच हवं’, अपेक्षेला ‘केलेलं बरं’, मुभेला ‘करता येतं’. मूळ मसुद्यात रंगीत पेनने या तीन खुणा करत जा आणि नंतर लिहा.

अशीच गल्लत ‘डिस्क्लोजर’ आणि ‘अप्रूव्हल’ यांची होते. एकाचा अर्थ कळवणं, दुसऱ्याचा परवानगी घेणं. कळवलं म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. फॉर्म भरला, पोच आली आणि माणूस निर्धास्त झाला. उत्तर यायच्या आधीच त्याने ऑर्डर काढून टाकली, हा प्रकार वारंवार दिसतो. सारांशात ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा आणि मधल्या काळात काय करायचं तेही लिहा: ‘उत्तर येईपर्यंत त्या पुरवठादाराची फाइल हातात घ्यायची नाही.’

हितसंबंध: ‘माझा माणूस’ म्हणजे नक्की कोण

‘हितसंबंधांचा संघर्ष’ हे शब्द ऐकून नव्या माणसाला वाटतं, कुठेतरी भांडण असलं पाहिजे. संघर्ष वगैरे बाजूला ठेवा आणि सरळ लिहा: कंपनीसाठी तुम्ही जो निर्णय घेताय, त्यात तुमचा किंवा तुमच्या माणसाचा फायदा-तोटा असेल, तर ते आधी सांगायलाच हवं. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाका. असा संबंध असणं हा गुन्हा नाही, कारवाई होते ती लपवल्याबद्दल. हे न सांगितल्यामुळेच लोक फॉर्ममध्ये ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात.

खरी मेहनत नात्यांच्या यादीत आहे. आचारसंहितेत ‘इमिजिएट फॅमिली’ किंवा ‘रिलेटिव्ह’ असतं, आणि पुढे ‘ब्रदर-इन-लॉ’. आपल्याकडे या एका शब्दात मेव्हणा, दीर, साडू आणि बहिणीचा नवरा असे चार जण येतात. ‘कझिन’मध्ये चुलत, मामे, आते, मावस सगळे. दुसऱ्या बाजूने कंपनी कायद्यातली ‘नातेवाईक’ ही व्याख्या बरीच अरुंद आहे: नवरा किंवा बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य. जावई त्यात आहे, मेव्हणा आणि साडू नाहीत. काही कंपन्यांची आचारसंहिता ही कायद्यातली यादी जशीच्या तशी उचलते, तर काही तिच्यात ‘किंवा जवळचे वैयक्तिक संबंध असलेली कोणतीही व्यक्ती’ अशी भर घालतात. ही भर असली की साडू आत येतोच, होणारा नवराही येतो आणि जिच्याबरोबर भिशी चालते ती मैत्रीणही येऊ शकते.

म्हणून तुमच्या कंपनीची व्याख्या नेमकी कुठवर जाते ते बघा आणि सारांशात मराठी नाती एकेक करून लिहा. दोन ओळी जास्त जातील, जाऊ द्या. अख्ख्या सारांशात सगळ्यात जास्त उपयोगाच्या ओळी त्याच ठरतात.

आता आपल्या मुलीकडे येऊ. तिच्याबाबत तीन गोष्टी आहेत असं समजा. तिच्या भावाची भोसरीच्या एका पॅलेट बनवणाऱ्या फर्ममध्ये 15 टक्के भागीदारी आहे. तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ एका वाहतूक कंपनीत डिस्पॅचला आहे, आणि ती कंपनी आपल्या कारखान्याचा माल नेते. शिवाय ती रविवारी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते.

पहिल्या गोष्टीत शंकेला जागाच नाही. भाऊ कुठल्याही व्याख्येत बसतो आणि पॅलेट तिच्याच हातात आहेत. त्या फर्मने अजून कोटेशन दिलेलं नसलं तरी ‘अजून दिलं नाही, दिलं की सांगेन’ असं चालत नाही. रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्येच ते लिहायचं. पुढे साहेब बहुधा पॅलेटचं काम दुसऱ्याकडे देतील, किंवा त्या फर्मचं कोटेशन आलं तर तुलना आणि मंजुरी दुसऱ्या कुणाकडून करवतील. दुसऱ्या गोष्टीत मावसभावाच्या हातात मालकी नाही, दर ठरवणंही नाही, आणि वाहतूक हे तिचं कामही नाही. अरुंद व्याख्या असेल तर कळवणं बंधनकारक नाही, रुंद असेल तर आहे. अशा वेळी फॉर्ममध्ये एक ओळ लिहून टाकायची. न लिहिलेली ओळ दोन वर्षांनी ऑडिटमध्ये निघाली की तिचा खुलासा करण्यात आठवडा जातो. तिसरी गोष्ट वेगळ्याच कलमात मोडते: नोकरीबाहेरचं काम. त्याला बहुतेक ठिकाणी नुसतं कळवून भागत नाही, आधी परवानगी लागते, मग त्याचा कंपनीच्या धंद्याशी काही संबंध असो वा नसो.

हे जाहीर करणं एकदाच करून संपत नाही, हेही लिहा. बहुतेक कंपन्या दरवर्षी नवं घोषणापत्र मागतात, आणि मध्येच काही बदललं तर तेव्हाच कळवावं लागतं. लग्न ठरलं, भावाने धंदा काढला, जुन्या पुरवठादाराकडे वहिनी नोकरीला लागली, असे बदल उदाहरण म्हणून द्या. वर्षाकाठचं घोषणापत्र हा नुसता सोपस्कार नसतो. आयसीआयसीआय बँकेने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2019 मध्ये आला. बँकेच्या तत्कालीन प्रमुख चंदा कोचर यांनी बँकेच्या आचारसंहितेचा आणि हितसंबंधांबाबतच्या नियमांचा भंग केला, असा निष्कर्ष त्यात होता, आणि वार्षिक घोषणांमधल्या हयगयीचाही उल्लेख होता. नियम खुर्ची बघत नाही, हे नव्या माणसाला त्यावरून कळतं.

भेटवस्तू: आकडा, काळ आणि प्रकार

भेटवस्तूच्या नियमातून नुसता आकडा उचलू नका. ‘दोन हजारांपर्यंत चालतं’ हे वाक्य अर्धवट आहे. दोन हजार एका वस्तूला, की वर्षभरात एका पुरवठादाराकडून आलेल्या सगळ्याला? वर्ष जानेवारीचं की एप्रिलचं? जेवण त्यात धरायचं का? या तीन प्रश्नांची उत्तरं धोरणात शोधा, आणि सापडली नाहीत तर लेखी विचारून घ्या.

आपल्या कारखान्याचा नियम असा आहे असं धरू: एका पुरवठादाराकडून कॅलेंडर वर्षात, जेवणखाण धरून, एकूण 2,000 रुपयांपर्यंत, रोख किंवा रोखीसारखं काहीही नाही, परत करणं शक्य नसलेली वस्तू सात दिवसांत एचआरकडे जमा करून नोंदवहीत लिहायची. खोके पुरवणाऱ्याने तिला जूनमध्ये 650 रुपयांचं जेवण दिलं. दिवाळीत त्याच्याकडून 1,200 रुपयांचा सुक्यामेव्याचा डबा आला. बेरीज 1,850, म्हणजे मर्यादेच्या आत. पण डब्यात शुभेच्छापत्राखाली 500 रुपयांचं गिफ्ट व्हाउचर निघालं. इथे लोक 1,850 मध्ये 500 मिळवतात आणि मर्यादा साडेतीनशेने ओलांडली म्हणून हळहळतात. तो हिशेबच चुकीचा. व्हाउचर रोखीसारखं असल्यामुळे बेरीज कितीही असो, ते पहिल्या रुपयापासून बाद आहे. वर्षभरात दुसरं काहीच आलं नसतं तरी ते ठेवता आलं नसतं. डबा ठेवता येईल, व्हाउचर परत करायचं.

काळाचा फरकही बघा. दिवाळीचा डबा आणि पुढच्या मार्चमधलं जेवण कॅलेंडर वर्षाने दोन वेगळ्या वर्षांत पडतात, आर्थिक वर्षाने एकाच. सारांशात ‘वर्षाला’ एवढंच लिहिलंत तर वाचणारा आपल्या सोयीचं वर्ष धरेल.

रोखीसारखं म्हणजे काय तेही नावानिशी सांगा: व्हाउचर, गिफ्ट कार्ड, यूपीआयने आलेले पैसे, मोबाइलचं रिचार्ज. लक्ष्मीची छाप असलेलं चांदीचं नाणं पुष्कळ कंपन्या यातच धरतात. तुमच्या धोरणात त्याचा उल्लेख नसेल तर विचारून घ्या, कारण दिवाळीत हमखास येणारी वस्तू तीच. लग्नातला आहेर हाही पेचाचा विषय आहे. पुरवठादाराने मांडवात येऊन पाकीट दिलं तर तिथे नाही म्हणता येत नाही, हे खरं. म्हणूनच ‘जमा करा आणि नोंदवा’ हा मार्ग धोरणात ठेवलेला असतो, आणि तो आहेरालाही लागू आहे असं स्पष्ट लिहा. भेट घरी कुरिअरने आली किंवा सासऱ्यांच्या हातात पडली, तरी ती तिलाच मिळाली असं धरलं जातं.

आकड्यात बसूनही न चालणारी वेळ असते. टेंडर उघडायचं आहे, वर्षाचा दर ठरायचा आहे, माल नाकारल्याचा वाद चालू आहे: अशा दिवसांत चहापलीकडे काही घ्यायचं नाही. अनेक धोरणांमध्ये हे कलम खाली बारीक अक्षरात असतं. तुम्ही ते वर आणा.

परत करताना काय लिहायचं हा नव्या माणसाला खरा संकोच असतो, म्हणून सारांशात तयार मजकूरच द्या:

‘नमस्कार साहेब, दिवाळीच्या शुभेच्छांबद्दल आभार. आमच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे व्हाउचर घेता येत नाही, म्हणून ते कुरिअरने परत पाठवत आहे. याचा आपल्या व्यवहारावर काही परिणाम नाही. आपल्यालाही दीपावलीच्या शुभेच्छा.’

हा ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून जायला हवा आणि प्रत साहेबांना. व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुढे सापडत नाही.

देण्याबद्दल एकच गोष्ट ठळक लिहा. सरकारी माणसाला ‘चहापाणी’ देणं ही भेट नव्हे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. साहेबांना सांगितलं म्हणजे कायद्याला कळवलं असं होत नाही, आणि हे सात दिवस वर सांगितलेल्या भेटवस्तू जमा करण्याच्या सात दिवसांहून निराळे. दोन्ही एकाच पानावर आले तर वाचणारा हमखास गल्लत करतो, म्हणून लांब लांब लिहा. मूळ कंपनी ब्रिटिश असेल तर आणखी एक ओळ: तिथला 2010 चा लाचविरोधी कायदा काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ पैशांनाही सूट देत नाही.

कळवायचं म्हणजे काय, कुणाला, कधी

इथे सारांश सगळ्यात जास्त पातळ होतो. ‘काही गैर दिसल्यास योग्य व्यक्तीस कळवावे’ या वाक्यातून नव्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: कुणी, काय, कुणाला, किती दिवसांत. मूळ मसुद्यात ‘प्रॉम्प्टली’ असेल तर मनाने दिवस घालू नका. ‘लगेच, दुसऱ्या दिवसावर न टाकता’ असं लिहा.

मग हे बंधन आहे की मुभा ते बघा. बऱ्याच आचारसंहितांमध्ये माहीत असून न कळवणं हाही नियमभंग असतो. तुमच्याकडे तसं असेल तर मोठ्या अक्षरात लिहा, कारण ‘माझं काय त्यात’ असं म्हणून गप्प बसणाऱ्याला आपण काही चुकतोय याची कल्पनाच नसते.

वाट एकच नसते. साधारणपणे आधी वरिष्ठ. वरिष्ठांबद्दलच तक्रार असेल तर एचआर किंवा कम्प्लायन्स, नाहीतर एथिक्स हेल्पलाइन. आणि अगदी वरच्या माणसाविरुद्ध किंवा अपवादात्मक स्थितीत थेट ऑडिट कमिटीचे अध्यक्ष. ही शेवटची सोय कलम 177 मध्येच आहे, आणि तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून संरक्षण देणंही त्यातच बंधनकारक केलं आहे. लैंगिक छळाची वाट मात्र वेगळी. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असते. तक्रार तिच्याकडे, लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. ही तक्रार हेल्पलाइनवर टाकून वाट बघत बसणाऱ्या बाईची मुदत निघून जाऊ शकते. म्हणून समितीचा ईमेल आणि सदस्यांची नावं सारांशात हवीतच, आणि सदस्य बदलले की सारांशही बदलायला हवा.

‘गोपनीय’ आणि ‘निनावी’ यांतला फरक दोन ओळींत सांगा. गोपनीय म्हणजे नाव चौकशी करणाऱ्याला माहीत असतं, बाकीच्यांना नाही. निनावी म्हणजे कुणालाच नाही. तुमची कंपनी निनावी तक्रार घेते का, ते धोरणात बघून लिहा. निनावी तक्रार बंद पडते ती बहुधा तपशील नसल्यामुळे. ‘खरेदीत गडबड आहे’ यावर कुणी काही करू शकत नाही. ‘ऑगस्टमधल्या दोन पॅलेट ऑर्डरींची तीनही कोटेशनं एकाच टाइपात आणि एकाच स्पेलिंगच्या चुकीसह आहेत, ऑर्डर क्रमांक अमुक’ एवढं असलं की चौकशी सुरू होऊ शकते.

नव्या माणसाला हेही माहीत नसतं की पुरावा त्याने गोळा करायचा नसतो. जे दिसलं तेवढं सांगायचं. कागद स्वतःच्या जीमेलवर पाठवायचे नाहीत, कारण त्याने गोपनीयतेचं कलम मोडतं आणि तक्रारदारच अडचणीत येतो. ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारायला जायचं नाही. शंका चुकीची निघाली तर? मनापासून, खरं वाटून सांगितलं असेल तर त्याबद्दल शिक्षा नाही. शिक्षा मुद्दाम खोटं किंवा वारंवार उगाच तक्रारी करणाऱ्याला. आणि नवा माणूस स्वतः टीम लीडर म्हणून आला असेल तर त्याच्यासाठी एक ओळ वाढवा: तुमच्याकडे आलेली तक्रार तुम्ही मिटवायची नाही, पुढे पाठवायची. ‘आपापसात बघून घ्या’ असं म्हणणं म्हणजे तक्रार दडपणंच ठरतं.

छापण्याआधी तपासा

सारांश तयार झाला की कम्प्लायन्स किंवा लीगलकडून मूळ कागदांशी ताडून घ्या. मग ज्याने आचारसंहिता वाचलेली नाही अशा एखाद्याला तो द्या, दहा मिनिटं थांबा आणि तीन प्रश्न विचारा. पुरवठादाराने मुलाच्या बारशाला 1,000 रुपयांचं पाकीट दिलं, काय कराल? साडूची फर्म कोटेशन देणार आहे, कुणाला आणि कधी सांगाल? साहेबच जुन्या तारखेची कोटेशनं मागवताहेत, कुठे जाल? कागद हातात धरून एका मिनिटात उत्तर सापडायला हवं. ‘बहुतेक’ असं उत्तर आलं की त्या ओळीत कुणी, काय, कुणाला, कधी यांपैकी काहीतरी राहिलेलं असतं. ती ओळ पुन्हा लिहा. ‘समजलं का?’ असं मात्र विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात.

तळाशी बारीक अक्षरात एवढं घाला: मूळ आचारसंहितेची आवृत्ती आणि तारीख, ती कुठे मिळेल, सारांश आणि मूळ यांत फरक आढळल्यास मूळ ग्राह्य, आणि शंका विचारायला एका माणसाचं नाव व एक्स्टेन्शन. विभागाचं नाव पुरत नाही, कारण विभागाला फोन लागत नाही.